तारीखवाले तात्या

नगरच्या रस्त्यावर एखाद्या फ्लेक्ससमोर कुणी चष्मा कपाळावर ढकलून, मान वर करून पाच मिनिटं उभा असेल आणि चेहऱ्यावर नेत्याबद्दलचा आदर किंवा राग यांतलं काहीच नसेल, तर ते तात्या आहेत असं खुशाल समजावं. बाकीचे लोक फ्लेक्स बघतात. तात्या तो तपासतात. त्यातला हसरा माणूस कुठल्या पक्षाचा, त्याचा वाढदिवस आहे की निवड झाली आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. त्यांना तारीख हवी असते. तारीख सापडली की वेळ, वेळ सापडली की जागा, आणि जागा सापडली की "पैसे पडणार का?" ही चार उत्तरं मिळेपर्यंत ते जागचे हलत नाहीत. दिल्ली गेटाजवळ मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत असले तरी नाही.

उत्तरं नाहीच मिळाली तर ते फ्लेक्सवरच्या नंबरला फोन लावतात. नंबर मात्र हमखास सापडतो.

"नमस्कार. तुमच्या फ्लेक्सवर तुमचा फोटो आहे, नंबर आहे, मित्र तुम्हाला काय नावानं हाक मारतात तेही आहे. कार्यक्रम कधी आहे?"

"खाली लिहिलंय की ओ."

"खाली रसवंतीचं छप्पर आहे."

यात गंमत कमी आणि निदान जास्त आहे. आपल्याकडं तारीख शेवटच्या ओळीत लिहायची रीत आहे, कारण निमंत्रणपत्रिकेत ती तिथं असते. पत्रिका हातात असते, तळापर्यंत वाचली जाते. फ्लेक्स रस्त्यावर असतो, आणि त्याचा खालचा दीड फूट हातगाडी, लावलेल्या मोटारसायकली, झाडाचं आळं किंवा दुसऱ्या मंडळाचा फ्लेक्स यांच्या मालकीचा असतो. त्यामुळं नेमकी कामाची ओळ झाकली जाते आणि 'सालाबादप्रमाणे याही वर्षी' एवढं लख्ख दिसत राहतं. तात्या म्हणतात, "सालाबादप्रमाणे हे गावाला ठाऊक आहे. याही वर्षी आहे हे फ्लेक्स लागल्यावर कळलं. आता कधी ते सांगा ना!"

तात्यांचं आयुष्य छापखान्यात गेलं. खिळे जुळवणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतले ते. नगरला छपाईची परंपरा जुनी आहे, 'ज्ञानोदय' इथूनच १८४२ साली निघू लागला, आणि तात्या हे अशा थाटात सांगतात की पहिल्या अंकाचं प्रूफ त्यांनीच वाचलं असावं असं वाटतं. पण त्यांची तारखेची खोड त्या छापखान्यातूनच आलेली आहे. मोठ्या अक्षरांचे लाकडी ठसे तिथं मोजके असत. एका ओळीपुरता मोठा 'र' आहे, दुसऱ्या ओळीला नाही, अशी गत. मग पोस्टरात मोठं काय करायचं हे ठरवावंच लागे. नाटकाचं नाव आणि तारीख मोठी झाली की ठसे संपत. अध्यक्षांचं नाव बारीक का, असं कुणी विचारलं तर मालक सरळ सांगत, "मोठा 'क्ष' नाही आमच्याकडं." अध्यक्षही समजून घेत. संगणक आला आणि कुणाचाही 'क्ष' कितीही मोठा होऊ लागला. तेव्हापासून नगरच्या पोस्टरांची शिस्त गेली, असं तात्यांचं मत आहे. ते मला बरंचसं पटतं.

घरच्या मंडळींना या ज्ञानाचा त्रास आहे. आलेल्या लग्नपत्रिका तात्या लाल पेननं दुरुस्त करतात, आणि एकदा तर तशी दुरुस्त केलेली पत्रिका मुलीच्या बापाला परत दिली. तो बिचारा पत्रिका छापून वाटून मोकळा झाला होता. काकू आता पत्रिका आली की आधी पिठाच्या डब्याखाली ठेवतात.

तात्यांना सगळीच पोस्टरं वाईट वाटतात असं मात्र नाही. दशक्रियेच्या फ्लेक्सवर ते बेहद्द खूश असतात. एकच फोटो, त्याखाली नाव, मग वार, तारीख, सकाळची वेळ, घाट, प्रवचन कुणाचं ते. संपलं. घरची दहा-वीस नावं असतात, पण 'शोकाकुल' म्हणून तळाशी, बारीक अक्षरांत. "बघा," तात्या बोट दाखवतात, "एवढ्या दुःखात माणसं किती नीट मॅटर लिहितात! सून, जावई, नातू, भाऊबंद, सगळे मुकाट्यानं खाली बसलेत. शोकाकुल जर खाली बसतात, तर शुभेच्छुक वर का चढतात?" हा प्रश्न त्यांनी भर चौकात, एका जिवंत माणसाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली उभं राहून विचारला होता. लोक त्यांच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघू लागले ते तेव्हापासून.

पण मागच्या हिवाळ्यात तात्यांना खरंखुरं काम मिळालं. एका मंडळाचा विनोदी नाटकाचा प्रयोग होता, सावेडीत, माउली सभागृहात. आदल्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या आणि "फ्लेक्स तर पंधरा लावले होते" असं सेक्रेटरी सांगत होता. तात्या म्हणाले, "यंदाचं मॅटर दाखव." त्यानं मोबाईल काढला. मजकूर असा होता:

॥ श्री गणेश प्रसन्न ॥
रसिक प्रेक्षकांच्या आग्रहास्तव सालाबादप्रमाणे याही वर्षी
मंडळाच्या वतीने सहर्ष सादर करीत आहोत
मा. साहेब यांच्या शुभहस्ते व मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत
भव्य दिव्य विनोदी नाट्यप्रयोग
तरी सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी
शुक्रवार दि. १४/२ रोजी सायंकाळी ठीक ६.३० वा.
स्थळ : नेहमीचेच
देणगी प्रवेशिका कार्यकर्त्यांकडे उपलब्ध

तात्यांनी आधी शुक्रवारावर बोट ठेवलं. "मागच्या वर्षी चौदा तारखेला कोणता वार होता?" "शुक्रवारच होता." "मग यंदा कसा असेल?" वर्ष बदललं की त्याच तारखेचा वार एकानं पुढं सरकतो, मध्ये एकोणतीस फेब्रुवारी आला तर दोनांनी. तोच वार राहणं शक्यच नाही. म्हणजे जुन्या फाइलवर काम उरकलं होतं. तात्या वाराला फार मानतात. देवनागरी १ आणि ९ लांबून, त्यातून संध्याकाळी, एकमेकांचे भाऊ दिसतात. ११ की १९ असा घोळ झाला तर वाचणाऱ्याला वार सोडवतो. पण वारच चुकीचा असेल तर निम्मी माणसं शुक्रवारी येऊन जातात, निम्मी शनिवारी येतात आणि दोघंही मंडळाला शिव्या देतात.

मग 'नेहमीचेच'. "नेहमीचं कुणाचं?" तात्यांनी विचारलं. "तुमचं. जो नेहमी येतो त्याला फ्लेक्स कशाला हवा? फ्लेक्स त्याच्यासाठी असतो जो कधी आला नाही." प्रवेशिका 'कार्यकर्त्यांकडे' मिळणार होत्या, आणि कार्यकर्ता कोण हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. नुसतं 'देणगी' म्हटलं की माणूस घाबरतो, आकडा शंभर असला तरी मनात पाचशे धरतो आणि घरी टीव्ही बघतो. 'ठीक ६.३०' मधल्या 'ठीक'वर तात्यांनी काहीच न बोलता काट मारली.

इथून पुढं सगळे फ्लेक्सच्या दुकानात. दुकानातला पोरगा हुशार, कोरलवर हात एकदम साफ. त्यानं पट्कन सोनेरी अक्षरं केली, त्याला लाल स्ट्रोक, त्याबाहेर पांढरा स्ट्रोक, मागं सावली आणि सावलीला ग्लो. 'भव्य दिव्य' झगमगू लागलं. तात्या म्हणाले, "बाळा, इंग्रजीला कॅपिटल असतात. एक शब्द उठवायचा तर तो कॅपिटलमध्ये टाकला की झालं. आपल्या बाळबोध अक्षराला ती सोय नाही. आपल्याकडं उठवायला तीनच गोष्टी. आकार, जाडी आणि भोवतीची मोकळी जागा. तू तर मोकळी जागा पहिल्यांदा भरून टाकतोस." स्ट्रोक जाड झाला की 'भ'चा आणि 'म'चा पोटातला पांढरा भाग बुजतो, वेलांटी शिरोरेघेला चिकटते आणि लांबून अक्षराचा नुसता गोळा दिसतो. पोरानं स्ट्रोक काढले. काढताना त्याचा चेहरा शोकाकुल होता.

मग तात्यांनी खिशातून टेप काढला. हो, टेप. फ्लेक्स सहा बाय चार, म्हणजे बहात्तर इंच रुंद, अठ्ठेचाळीस इंच उंच. मनमाड रोडवरून मोटारसायकलवाला ताशी चाळीसनं येतो, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. साठ फुटांवरून त्यानं वाचायला घेतलं तर पावणेदोन सेकंदांच्या आत फ्लेक्स त्याच्या पाठीमागं गेला. आरामात वाचता यायचं तर दर दहा फुटांमागं एक इंच अक्षर, हा जुना ठोकताळा. साठ फुटांना सहा इंच. त्यावर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मग दोन ओळींतली हवा, असं धरून एका ओळीला नऊ इंच जातात. देवनागरीची ओळ वरखाली हातपाय पसरते; तिला इंग्रजीच्या ओळीएवढी जागा देऊन भागत नाही. चार ओळींना छत्तीस इंच. त्याखाली प्रवेशिकेची ओळ तीन इंचाच्या अक्षरात, कारण पैशाचं वाचणारा माणूस आधीच थांबलेला असतो. तिला पाच धरा. उरले सात इंच.

"त्या सात इंचांत काय बसवायचं ते बसवा," तात्या म्हणाले आणि टेप मिटला.

सात इंचांत गणपती, मंडळ, साहेब, मान्यवर, सराफ, मसालेवाले आणि सहकुटुंब सहपरिवार असे सगळे बसवायचे होते. दुकानात गंभीर शांतता पसरली. गणपतीचा प्रश्न तात्यांनी आधी सोडवला. त्याला वरच्या कोपऱ्यात बारीक 'श्री' म्हणून ठेवला आणि म्हणाले, "देवाला बारीक अक्षर वाचता येतं." बाकीच्यांची खाली एक पट्टी झाली. तिच्यात कुणाचं नाव आधी, यावरून मग जे झालं ते मी लिहीत नाही. ते लिहायचं तर दिवाळी अंक लागेल.

आता तारखेची ओळ. एका बाजूला साहेबांचा फोटो ठेवणं भागच होतं, म्हणून 'शनिवार, १४ फेब्रुवारी' पूर्ण बसेना. पोरगा म्हणाला, "'शनि. १४' करू का?"

"नगर जिल्ह्यात?" तात्या उखडलेच. "'शनि' लिहिलंस तर लोक शिंगणापूरला जातील! वार पूर्ण लिही. महिना तोड. 'फेब्रु.' म्हटलं की कुणी दुसरं काही समजत नाही."

राहता राहिले साहेब. फोटो उजवीकडं होता आणि साहेब आणखी उजवीकडं बघत होते, फ्लेक्सच्या बाहेर, शेजारच्या खाटकाच्या दुकानाकडं. तात्यांचं म्हणणं असं की चित्रातला माणूस जिकडं बघतो तिकडं बघणाऱ्याची नजर जाते, त्यामुळं साहेबांनी तारखेकडं बघायला हवं. पोरानं एका क्लिकमध्ये फोटो उलटा केला. साहेब तारखेकडं बघू लागले. सगळे खूश. तेवढ्यात एका कार्यकर्त्याच्या लक्षात आलं की साहेबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडं गेला आहे, भांगही बदलला आहे आणि घड्याळ भलत्याच हातात आहे. साहेबांना आपण आहोत तसेच दिसायला आवडतं. शेवटी तात्यांनी फोटो सुलटा करून फ्लेक्सच्या डाव्या बाजूला नेला आणि मजकूर उजवीकडं आणला. आता साहेब न उलटता तारखेकडं बघत होते. कार्यकर्ता हरखला. "साहेबांनी जातीनं लक्ष घातल्यासारखं वाटतंय," म्हणाला. फोटो आधीपेक्षा चार इंचांनी बारीक झालाय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

शेवटी पडद्यावर हे उरलं:

विनोदी नाटक
शनिवार, १४ फेब्रु.
संध्याकाळी ६.३०
माउली सभागृह
झोपडी कँटीनजवळ, सावेडी. प्रवेशिका १०० रु., सभागृहावर सकाळी १० पासून

पोरगा म्हणाला, "तात्या, फार मोकळं मोकळं वाटतंय. पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही." फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर असतो, अक्षरांवर नसतो, तरी मंडळांना रिकामा फूट म्हणजे फुकट गेलेला फूट वाटतो. सेक्रेटरीचीही चुळबुळ चालली होती. मग तात्यांनी फ्लेक्सचीच परीक्षा घेतली. बाहेरून चहावाल्या पोराला आत बोलावलं, पडदा तीन सेकंद दाखवला आणि त्यावर वर्तमानपत्र धरलं. "काय आहे, कधी आहे, कुठं आहे?" पोरगं म्हणालं, "नाटक. शनिवारी, चौदाला, साडेसहाला. माउलीत. शंभर रुपये." मग जुना फ्लेक्स तीन सेकंद दाखवला. पोरगं थोडा वेळ विचार करून म्हणालं, "ह्यांचा वाढदिवस आहे का?"

सेक्रेटरीनं मुकाट्यानं ऑर्डर दिली.

एक गोष्ट तात्यांना स्वतःला सुचली नाही, ती त्यांच्या नातीनं सांगितली. फ्लेक्सचाच फोटो व्हॉट्सॲपवर फिरणार होता, आणि तिथं सहा फुटांचा फ्लेक्स करंगळीएवढा रुंद होतो. मोबाईल हातभर लांब धरून तारीख वाचता येते का ते तिनं बघितलं. आली वाचता. पण सोबत नुसता फोटो पाठवू नका, म्हणाली, त्याखाली चार ओळी टाइप करूनही टाका, कारण चित्रातली तारीख आठवड्यानंतर ग्रुपमध्ये शोधून सापडत नाही, टाइप केलेली सापडते. तात्यांनी तिच्याकडं अभिमानानं बघितलं आणि लगेच विचारलं, "वार घातलास ना?"

मग शनिवार उजाडला. सव्वासहाला माउली सभागृहाबाहेर रांग लागली होती. माणसं सहकुटुंब सहपरिवार आली होती, न सांगता. शंभराच्या नोटा हातात तयार होत्या. साडेसहाला सभागृह भरलं. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की मंडळाला कुणाचीच अपेक्षा नव्हती. लाइटवाला शिडीवर होता. खलनायकाच्या मिशा अजून दुकानातून यायच्या होत्या. कारण साडेसहा लिहायचं म्हणजे साडेसातला सुरू करायचं, हे मंडळाला ठाऊक होतं, कलाकारांना ठाऊक होतं, साहेबांच्या पीएलाही ठाऊक होतं. त्यानं नेहमीप्रमाणे सव्वा तास धरून साहेबांना पावणेआठची वेळ दिली होती. ठाऊक नव्हतं ते फक्त फ्लेक्स वाचून आलेल्या नव्या माणसांना. पावणेसातपासून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सात वाजता एक आजोबा उभे राहून म्हणाले, "तिसरी घंटा तरी द्या, मग आम्ही घोरतो." हशा झाला. त्या दिवसाचा पहिला हशा नाटकाला नव्हता.

नाटक सात चाळीसला सुरू झालं आणि चांगलं झालं. पैसेही चांगले जमले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पेढे घेऊन तात्यांकडं आला. बराच वेळ बसला, चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. उठताना घोटाळत म्हणाला, "तात्या, पुढच्या वर्षी तारीख मोठीच ठेवू. जागा मोठी ठेवू, पैसे ठेवू. पण वेळ तेवढी... जरा बारीक घेता येईल का?"

तात्यांनी टेपसाठी खिशात हात घातला.

"किती इंच?"